एक रुग्णवाहिका, तीन हिशेब: सामाजिक उद्योग, धर्मादाय संस्था आणि स्टार्टअप यांची तुलना सेमिनार पेपरात कशी करावी

सामाजिक उद्योजकतेच्या सेमिनारसाठी लिहिलेले पेपर मी गेली काही वर्षं वाचतोय. दहापैकी आठांत दुसऱ्याच पानावर तीन रकान्यांचा तक्ता असतो. धर्मादाय संस्था म्हणजे देणगीवर चालणारी, स्टार्टअप म्हणजे नफ्यासाठी धावणारा, आणि सामाजिक उद्योग म्हणजे दोघांच्या मधला, गरिबांना सवलत देऊनही आपल्या कमाईवर चालणारा, ‘दोन्हीकडचं चांगलं घेतलेला’. तक्ता नीटनेटका दिसतो, पण परीक्षकाने एकच प्रश्न विचारला की तो कोलमडतो: सवलत तर मल्टिप्लेक्सही सकाळच्या खेळाला देतं, मग तो सामाजिक उद्योग का नाही?

या प्रश्नाला उत्तर देणारा पेपर कसा उभा करायचा, ते इथे एका उदाहरणावरून पायरी पायरीने सांगतो. उदाहरण मुंबईचंच आहे: रुग्णवाहिका.

पहिली पायरी: विषय एका सेवेपुरता आणा

‘सामाजिक उद्योग विरुद्ध धर्मादाय संस्था विरुद्ध स्टार्टअप’ हा पंचवीस पानांचा विषय नाही, तो आयुष्यभराचा विषय आहे. म्हणून आधी एक सेवा निवडा आणि तीच सेवा तिन्ही पद्धतींनी चालवली तर काय होईल ते पाहा. बहुतेक विद्यार्थी नेमकं उलटं करतात. शाळा चालवणारी एक संस्था, सौरदिवे विकणारी एक कंपनी आणि जेवण पोहोचवणारं एक ॲप घेतात, आणि मग तुलना पद्धतींची होते की शिक्षण, वीज आणि जेवणाची, हेच कळेनासं होतं.

रुग्णवाहिका निवडायचं कारण असं, की मुंबईत ती तिन्ही रूपांत दिसते. गणेशोत्सव मंडळांच्या आणि ट्रस्टांच्या गाड्या आहेत, खासगी गाड्या आहेत, आणि २००५च्या सुमारास याच शहरात ‘डायल १२९८’ नावाची सेवा सुरू झाली, जिचा सामाजिक उद्योगाच्या अभ्यासात आजही दाखला दिला जातो. ती चालवणारी झिकित्झा ही कंपनी आहे, ट्रस्ट नव्हे. २००७मध्ये अक्युमन या न्यूयॉर्कच्या निधीने तिच्यात १५ लाख डॉलर गुंतवले. ती देणगी नव्हती, गुंतवणूक होती.

१२९८ची युक्ती भाड्यात होती. खासगी रुग्णालयात जाणाऱ्याने पूर्ण भाडं द्यायचं, सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जाणाऱ्याने कमी. रस्त्यावरच्या अपघातातला बेवारस जखमी असेल तर फुकट. रेशनकार्ड दाखवा, उत्पन्नाचा दाखला आणा, असलं काही नाही. रुग्ण कुठे चाललाय यावरून त्याची ऐपत ओळखायची. तातडीच्या वेळी कागद तपासत बसणं शक्य नसतं, त्यामुळे ही खूण फार हुशारीने निवडलेली होती. ती कुठे चुकते, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: कायदा दोन पानांत संपवा

भारतात ‘सामाजिक उद्योग’ नावाचा वेगळा नोंदणीप्रकार नाही. सेबीने २०२२मध्ये सोशल स्टॉक एक्स्चेंजची चौकट आणली तेव्हा ‘सोशल एंटरप्राइझ’ची व्याख्या केली, पण ती तिथे निधी उभारू पाहणाऱ्यांपुरती आहे. त्यात नफा न वाटणाऱ्या संस्थाही बसतात आणि नफा कमावणाऱ्या कंपन्याही. म्हणजे नोंदणीचा कागद पाहून सामाजिक उद्योग ओळखता येत नाही. पेपरात हे एका वाक्यात स्पष्ट लिहा.

कागदावरचे मुख्य पर्याय असे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली ट्रस्ट. १८६०च्या कायद्याखाली सोसायटी. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी, जिला नफा कमावता येतो पण भागधारकांना लाभांश देता येत नाही. आणि साधी प्रायव्हेट लिमिटेड. पहिल्या तिघांत शिल्लक संस्थेतच राहते, चौथ्यात ती मालकांची असते.

प्राप्तिकराबद्दल लिहिताना एक चूक सर्रास होते. १९६१च्या कायद्यातल्या कलम २(१५)नुसार धर्मादाय संस्थेला धंद्यासारख्या कामातून एकूण जमेच्या २० टक्क्यांपर्यंतच मिळवता येतं, असं विद्यार्थी ठोकून देतात. ती मर्यादा ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ कामांना आहे. वैद्यकीय मदत हा त्याच कलमातला वेगळा प्रकार आहे, त्याला ती लागत नाही. शिवाय २०२५च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या पेपरातून क्रमांक उचलू नका.

‘धर्मादाय’ या शब्दाने फसू नये म्हणून मुंबईतल्या ट्रस्ट रुग्णालयांचा एक परिच्छेद जरूर घाला. संगमरवरी लॉबी असलेली यांतली काही रुग्णालयं कागदोपत्री धर्मादायच आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलाच्या एकूण रकमेपैकी २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात. श्रीमंताच्या बिलातून गरिबाचा भार उचलायचा, ही १२९८चीच कल्पना झाली. फरक इतकाच, की इथे ती कायद्याने लादलेली आहे आणि तिथे कंपनीने स्वतःहून पत्करलेली.

तिसरी पायरी: तीन प्रश्न, आणि तेवढेच

आता प्रत्येक पद्धतीला तीन प्रश्न विचारा. सेवा कुणाला मिळते? पैसे कोण देतं? आणि शिल्लक उरली तर ती कुठे जाईल हे कोण ठरवतं?

धर्मादाय गाडीत रुग्ण एक असतो आणि पैसे देणारा दुसराच. त्यामुळे रुग्ण नाराज झाला तरी पैसे थांबत नाहीत आणि देणगीदार नाराज झाला तर गाडी थांबते, मग रुग्ण कितीही खूश असो. गाडीवर देणगीदाराचं नाव केवढ्या अक्षरांत रंगवलेलं असतं, ते आठवून पाहा. स्टार्टअपच्या गाडीत रुग्ण आणि पैसे देणारा एकच. सेवा वाईट असेल तर त्याला लगेच कळतं, पण ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो त्याच्या हिशेबात येतच नाही.

सामाजिक उद्योगात पैसे देणारे रुग्णांपैकीच काही जण असतात आणि बाकीच्यांचा भार त्यांच्यावर असतो. निदान सगळे असं लिहितात. ते खरं आहे का, हे आकड्यांनी तपासायचं आहे. पेपराचा गाभा तोच, म्हणून निम्मी जागा त्याला द्या.

चौथी पायरी: एका गाडीचा महिन्याचा हिशेब

पुढचे आकडे मी सोयीसाठी मानलेले आहेत, ते कुठल्याही कंपनीचे नाहीत. तुमच्या पेपरातही मानलेले आकडे ‘मानलेले’ म्हणूनच लिहा, आणि प्रत्यक्ष आकडे मिळाले तर ते बदला.

एक गाडी घ्या. चालक, मदतनीस, कंट्रोल रूमचा वाटा, विमा आणि गाडीची झीज धरून तिचा महिन्याचा स्थिर खर्च १,२०,००० रुपये. गाडी उभी राहिली तरी हा खर्च होतोच. वर प्रत्येक फेरीला डिझेल, ऑक्सिजन, हातमोजे वगैरे मिळून २०० रुपये. गाडी महिन्याला जास्तीत जास्त १२० फेऱ्या करू शकते. पूर्ण भाडं १,५०० रुपये, अर्धं ७५०.

१२० फेऱ्यांपैकी ८४ पूर्ण भाड्याच्या, २४ अर्ध्या भाड्याच्या आणि १२ फुकट झाल्या असं धरा. जमा १,२६,००० अधिक १८,०००, म्हणजे १,४४,०००. खर्च १,२०,००० अधिक १२० फेऱ्यांचे २४,०००, म्हणजे तेवढाच. ना नफा, ना तोटा. एक्सेलमध्ये B2 मध्ये पूर्ण भाड्याच्या फेऱ्या, C2 मध्ये अर्ध्या भाड्याच्या आणि D2 मध्ये फुकटच्या टाकल्या, तर शिल्लक अशी निघते:

```
=(B2*1500)+(C2*750)-120000-((B2+C2+D2)*200)
```

विद्यार्थी इथे थांबतात आणि लिहितात: ‘प्रत्येक फेरीचा सरासरी खर्च १,२०० रुपये. अर्ध्या भाड्याच्या रुग्णामागे ४५० रुपयांचा तोटा होतो, तो पूर्ण भाडं देणारा भरून काढतो.’ ऐकायला पटतं, पण ते चूक आहे.

चूक कशी, ते पाहायला गरिबांच्या ३६ फेऱ्या काढून टाका. आता ८४ फेऱ्या, सगळ्या पूर्ण भाड्याच्या. जमा १,२६,०००. खर्च १,२०,००० अधिक १६,८००, म्हणजे १,३६,८००. महिन्याला १०,८०० रुपयांचा तोटा! गरिबांना नाकारल्यावर फायदा व्हायला हवा होता, झाला तोटा. कारण अर्धं भाडं देणारा रुग्ण ७५० रुपये देतो आणि त्याच्यामुळे वाढणारा खर्च फक्त २०० असतो. बाकीचे ५५० उभ्या गाडीच्या स्थिर खर्चात जमा होतात. असे २४ रुग्ण १३,२०० रुपये आणतात आणि फुकटच्या १२ फेऱ्या त्यातले २,४०० खातात.

म्हणजे या परिस्थितीत श्रीमंत गरिबाचा भार उचलत नाही. अर्धं भाडं देणारा रुग्णच गाडी चालू ठेवायला हातभार लावतोय. आणि गाडी रिकामी उभी असेल तर अर्ध्या भाड्यात फेरी करणं निव्वळ धंदेवाईक मालकालाही परवडतं. मल्टिप्लेक्सचा सकाळचा खेळ याच हिशेबावर चालतो. तेव्हा ‘आमच्या ३० टक्के फेऱ्या सवलतीच्या किंवा मोफत असतात’ एवढ्यावर कुणी सामाजिक उद्योग ठरत नाही. स्टार्टअपही हे करेल, फार तर फुकटच्या १२ फेऱ्या गाळेल.

पाचवी पायरी: गाडी भरते तेव्हा

मग फरक दिसतो कुठे? गाडी अपुरी पडते तिथे. पूर्ण भाडं देणाऱ्यांची मागणी वाढून महिन्याला १२० फेऱ्यांवर गेली असं धरा. आता गरिबाची प्रत्येक फेरी पूर्ण भाड्याच्या फेरीची जागा अडवते. सगळ्या १२० फेऱ्या पूर्ण भाड्याने केल्या तर जमा १,८०,०००, खर्च १,४४,०००, शिल्लक ३६,०००. जुनंच प्रमाण राखलं तर शिल्लक शून्य. ध्येय पाळण्याची किंमत आता नेमकी कळते: एका गाडीमागे महिना ३६,००० रुपये, म्हणजे ३६ रुग्णांपैकी प्रत्येकामागे सरासरी १,०००.

हा आकडा पेपरात तीन वेळा मांडा, प्रत्येक पद्धतीच्या तोंडून. स्टार्टअप ते ३६,००० घेईल, आणि त्याने तसं केलं म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या गुंतवणूकदारांना सांगितलेलं तेच आहे. धर्मादाय संस्थेपुढे हा पेच या रूपात येतच नाही, कारण ती भाडं घेत नाही. तिला महिन्याचे सगळे १,४४,००० देणगीतून उभे करावे लागतात, आणि मागणी वाढली म्हणून देणगी वाढत नाही. तिच्याकडे रांग लागते. सामाजिक उद्योगाला मात्र दर महिन्याला ठरवावं लागतं की हे ३६,००० सोडायचे का, आणि सोडायचे तर कुणाच्या वाट्याचे.

प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तर बहुतेक पेपरांत सापडतच नाही. ना नफा ना तोटा या स्थितीत गाडीची झीज भरून निघते, पण दुसरी गाडी घ्यायला काही उरत नाही आणि गुंतवणूकदारालाही काही मिळत नाही. मुहम्मद युनूस यांच्या ‘सोशल बिझनेस’च्या व्याख्येत गुंतवणूकदाराला फक्त मुद्दल परत मिळतं, लाभांश नाही. तसा गुंतवणूकदार असेल तर थोड्या शिल्लकीवरही निभावतं. भांडवल समभागांचं असेल, तर कितीही धीर धरला तरी कधीतरी परतावा द्यावाच लागतो, आणि तो त्याच ३६,००० मधून येणार. म्हणून तुमच्या पेपरातल्या संस्थेत पैसा कुठल्या अटीवर आला, हे शोधल्याशिवाय तिला कुठल्याही रकान्यात टाकू नका.

१२९८च्या बाबतीत पुढे पैसे देणाराच बदलला. झिकित्झाने वेगवेगळ्या राज्य सरकारांकडून १०८ सेवेची कंत्राटं घेतली. तिथे रुग्णाला सेवा मोफत आणि बिल सरकारला. महाराष्ट्रातही २०१४पासून १०८ आहे, ती दुसरी संस्था चालवते. पूर्ण भाडं आणि अर्धं भाडं हा प्रश्नच तिथे उरत नाही. गरिबाच्या दृष्टीने हे कदाचित अधिक चांगलं, पण मग अशा कंपनीला सामाजिक उद्योग म्हणायचं की सरकारी कंत्राटदार? माझं मत विचाराल तर कंत्राटदार, आणि त्यात कमीपणा काही नाही. तुम्ही उलट बाजू मांडू शकता, पण मग सांगावं लागेल की बिल सहा महिने थकलं तर ही कंपनी साध्या कंत्राटदारापेक्षा वेगळं काय करेल.

सहावी पायरी: फरक नोंदवहीत शोधा

हे सगळं प्रत्यक्षात तपासता येतं, आणि इथेच तुमचा पेपर इतरांपेक्षा वेगळा होऊ शकतो. संस्थेच्या कंट्रोल रूममध्ये प्रत्येक कॉलची नोंद असते: वेळ, कुठून, कुठे, गाडी दिली की नाही. विद्यार्थी फक्त झालेल्या फेऱ्या मागतात. तुम्ही न झालेल्याही मागा. ‘गाडी उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळालेले कॉल हीच खरी माहिती.

मग दिवसाचे दोन भाग करा, गाड्या मोकळ्या असतात तो आणि सगळ्या व्यग्र असतात तो. दोन्ही भागांत आलेल्या प्रत्येक शंभर सवलतीच्या कॉलपैकी कितींना गाडी मिळाली आणि पूर्ण भाड्याच्या शंभरपैकी कितींना, हे काढा. मोकळ्या वेळेत दोघांनाही सारखीच मिळते आणि गर्दीच्या वेळेत सवलतवाल्यांनाच ‘उपलब्ध नाही’ ऐकावं लागतं, असं दिसलं तर तो सकाळचा खेळ आहे. गर्दीतही प्रमाण जवळपास सारखं राहिलं, म्हणजे आधी कॉल त्याला आधी गाडी हा नियम खरोखर पाळला जात असेल, तर तिथे ध्येयासाठी पैसे सोडले जात आहेत. तुलना कॉलशीच करा, नुसत्या फेऱ्यांशी नको. गर्दीच्या वेळी मुळातच कोण जास्त कॉल करतं, ते वेगळं असू शकतं.

रुग्णालयावरून ऐपत ओळखण्याची युक्ती चुकते कुठे, तेही याच वहीत दिसतं. गोवंडीच्या गरीब वस्तीतल्या माणसाला छातीत कळ आली आणि जवळ खासगी नर्सिंग होमच असेल, तर त्याला पूर्ण भाडं पडतं. उलट मोठ्या अपघातात चांगल्या घरचा माणूसही पालिकेच्या केईएम किंवा सायन रुग्णालयात नेला जातो आणि त्याला सवलत मिळते. या चुका तुरळक असतील तर चालून जातात. पण ही पद्धत चालकाच्या आणि कंपनीच्या हातात एक मोह ठेवते: रुग्णाला खासगीकडे वळवलं की भाडं दुप्पट. वर कट प्रॅक्टिसचा, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याचा, इतिहास आपल्या शहराला नवा नाही. म्हणून एकाच वस्तीतून आलेल्या कॉलमध्ये खासगी रुग्णालयांचं प्रमाण महिन्यागणिक चढत गेलेलं दिसलं, तर थांबा आणि कारण विचारा. ध्येयापासूनची घसरण अशीच येते. कुणी ठराव करून ध्येय बदलत नाही, कंट्रोल रूममधली सवय बदलते.

रुग्णांची नावं आणि फोन नंबर घेऊ नका. वेळ, वस्ती, रुग्णालयाचा प्रकार आणि भाड्याचा प्रकार एवढं पुरतं.

सातवी पायरी: दुसऱ्या उदाहरणावर तीच कसोटी लावा

एका उदाहरणावरून निष्कर्ष काढला की परीक्षक म्हणतात, हे रुग्णवाहिकेपुरतं खरं असेल. म्हणून एक अगदी वेगळं उदाहरण थोडक्यात घ्या. मी लिज्जत घेईन.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. १९६६मध्ये श्री महिला गृह उद्योगाची सोसायटी म्हणून नोंदणी झाली आणि खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. कागदावर सोसायटी, बाजारात ब्रँड, आणि संस्था देणगी घेत नाही. तीन रकान्यांच्या तक्त्यात ही कुठे बसवणार?

तेच तीन प्रश्न विचारा. पैसे पापड खाणारा देतो, अगदी कुठल्याही कंपनीसारखे. फायदा होणारी मात्र ती नाही जी पापड खाते, तर ती जी लाटते. आणि शिल्लक कुठे जाईल हे त्याच लाटणाऱ्या बायका ठरवतात, लिज्जत त्यांना ‘बहिणी’ म्हणतं. म्हणजे इथे गरीब बाई गिऱ्हाईक नसून सभासद आहे. रुग्णवाहिकेत ध्येय भाड्यात ठेवलं होतं, इथे ते मालकीत ठेवलंय.

गर्दीची वेळ इथेही आहे, फक्त तिचं रूप वेगळं. पापड लाटायचं यंत्र आहे. यंत्राने उत्पादन वाढेल, मजुरी वाचेल. निव्वळ नफ्याचा हिशेब करणारा मालक यंत्र आणेल. लिज्जतमध्ये पीठ केंद्रावर मळलं जातं आणि बहिणी ते घरी नेऊन हातानंच लाटतात, कारण लाटणं काढून घेतलं तर संस्थेच्या असण्याचं कारणच जातं. शिवाय निर्णय घेणाऱ्या त्याच आहेत ज्यांचं काम जाईल, त्यामुळे त्यांना गुंतवणूकदाराची समजूत घालावी लागत नाही. या फरकावर पेपरात एक पान लिहिण्याजोगं आहे: भाड्यात ठेवलेलं ध्येय रोज सांभाळावं लागतं, मालकीत ठेवलेलं आपोआप टिकतं, पण मग बाहेरचं समभाग भांडवल आणता येत नाही आणि वाढ सावकाश होते.

आठवी पायरी: कागद मिळवणं आणि लिहून काढणं

कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून पाहता येतात. `AOC-4` मध्ये हिशेब आणि `MGT-7` मध्ये भागधारकांची माहिती असते. भांडवल कुणाचं, हा पाचव्या पायरीतला प्रश्न `MGT-7` सोडवतं. ट्रस्टचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जमा होतात. वरळीच्या कार्यालयात त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा. ट्रस्टच्या ताळेबंदात अनुसूची आठ आणि उत्पन्न-खर्चात अनुसूची नऊ पाहा.

लिहिताना क्रम मी दिलाय तसाच ठेवायची गरज नाही. मी हिशेब आधी ठेवेन आणि व्याख्या नंतर, कारण ३६,००० रुपयांचा पेच एकदा समजला की व्याख्या का हव्यात हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. पहिल्याच पानावर तुमचा दावा एका वाक्यात असू द्या, उदाहरणार्थ: ‘सवलतीच्या फेऱ्यांचं प्रमाण पाहून सामाजिक उद्योग ओळखता येत नाही, गाड्या अपुऱ्या असताना सवलतीच्या कॉलला मिळणारी वागणूक पाहून ओळखता येतो.’ असा दावा खोटा ठरू शकतो, म्हणूनच तो मांडण्याजोगा आहे. ‘सामाजिक उद्योग समाज आणि बाजार यांचा समन्वय साधतो’ हे वाक्य कधीच खोटं ठरणार नाही, त्यामुळे त्याने काही सिद्धही होत नाही.

परिणामांबद्दल लिहिताना फेऱ्यांची संख्या म्हणजे परिणाम नव्हे, हे विसरू नका. १२९८ नसती तर तो रुग्ण टॅक्सीने गेला असता का, १०८ने गेला असता का, की गेलाच नसता? याचं नेमकं उत्तर तुम्हाला मिळणार नाही, पण रुग्णालयाच्या अपघात विभागात तीस-चाळीस नातेवाइकांना ‘ही गाडी मिळाली नसती तर कसे आला असता?’ असं विचारून अंदाज येतो. त्याला अंदाजच म्हणा.

आणि संस्थेने कॉलची वही दाखवायला नकार दिला तर? बऱ्याचदा देतात, आणि रुग्णांच्या माहितीची काळजी हे त्यांचं कारण योग्यही असतं. मग वस्ती आणि वेळ एवढेच रकाने असलेली, नावं काढलेली महिन्याची गोषवारा यादी मागा. तीही मिळाली नाही तर रुग्णालय प्रशासनाची लेखी परवानगी घेऊन अपघात विभागाच्या फाटकाशी सलग काही दिवस ठरावीक वेळी उभे राहा आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीवर कुणाचं नाव आहे तेवढं टिपा. यात न मिळालेल्या गाड्या दिसणार नाहीत, त्यामुळे मुख्य दावा यावर सिद्ध होत नाही. पेपराच्या मर्यादांच्या परिच्छेदात तसं सरळ लिहा आणि चौथ्या-पाचव्या पायरीतला हिशेब ‘असं असेल तर’ या भाषेत मांडा.